एकरी खर्च, बारा गुंठे भरड आणि काकांची वही

«कोकणात एकराने शेती करतो कोण? आपली शेती गुंठ्यांची. एकरी खर्च काढणं हे घाटावरच्यांचं काम. आपल्याकडे राबणारे हात घरचे, त्यांचा खर्च शून्य. भात विकायचं नाही, घरी खायचं, मग भाव कशाला बघायचा? खिशातून किती गेले आणि भात किती आलं, एवढं बघा. खर्च कमी ठेवला की फायदा आपोआप होतो.»

हा मजकूर गावातल्या बहुतेक फोनांवर फिरून आलाय आणि पुष्कळांना तो पटलाय. मला तो पटत नाही, कारण माझ्या काकांची वही मी पानन् पान वाचली आहे.

काका मालवण तालुक्यात, खाडीपासून थोडं आत राहतात. त्यांची भातशेती दोन ठिकाणी. ओहोळाच्या कडेला मळ्यातले कुणगे, म्हणजे भाताची लहान खाचरं, आणि वर डगरीला भरड, म्हणजे पाणी न धरणारी उंचावरची जमीन. 2024 च्या खरिपात त्यांनी पहिल्यांदा वही घातली. शाळेची दोनशे पानी वही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पडवीतल्या खुंटीला टांगलेली. त्यात रोज संध्याकाळी एक ओळ. «12 जुलै. भरड. लावणी. रोजाच्या बायका 2, घरची 4.» एवढंच. पण त्या ओळीत तीन गोष्टी असायच्या: कुठल्या जागेत, कुठलं काम, किती माणसं. जागेचं नाव लिहायचं हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

आधी गुंठ्यांचंच घेऊ. एकर म्हणजे 40 गुंठे, आणि 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा. एकरी खर्च काढायला एकरभर जमीन लागत नाही. खर्चाला गुंठ्यांनी भागायचं आणि 40 ने गुणायचं. हे करायचं ते दोन लहानमोठ्या जागा एका मापात याव्यात म्हणून. काकांचा मळा 20 गुंठे आणि भरड 12. या दोन जागांचा खर्च नुसता शेजारी मांडला तर मळा नेहमीच महाग दिसणार, कारण तो मोठा आहे. गुंठ्यांच्या शेतीतच हे जास्त अडतं, कारण एकाच्या चार जागा असतात आणि चारही वेगवेगळ्या आकाराच्या.

इथे एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडता पडता वाचलो. भरडीचा सातबारा 16 आर दाखवतो. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, म्हणून मी आधी 16 नेच भागलं. मग काकांनी दोरी काढली. कुणगे मोजले, बांध आणि कातळ सोडले, तर भात उभं राहतं ती जागा भरली 12 गुंठे. बाकी सगळा पोटखराबा. 16 ने भागलं तेव्हा भरडीचा एकरी खर्च 22,250 आला होता, 12 ने भागलं तेव्हा 29,667. मळ्याचा 24,000 होता. म्हणजे नुसत्या कागदावरच्या क्षेत्रामुळे महागडी जागा स्वस्त ठरत होती. क्षेत्र दोरीने मोजा, सातबाऱ्यावरून उचलू नका.

आता घरच्या हातांचं. या मजकुरातला सगळ्यात खोलवर गेलेला समज हाच आहे आणि काकांचाही तोच होता. «आमी घरचीच माणसां, आमचो रोज कोण देतलो?» ते मला म्हणाले. मी म्हटलं, काकानू, देऊ नका कोणाला, पण लिहा तरी. त्यांनी लिहिलं. हंगाम संपल्यावर वहीतून जे निघालं ते असं.

मळ्यात पॉवर टिलरचे 2,400, खताचे 1,200 आणि 11 रोजांची मजुरी, 400 रुपये दराने 4,400. रोख गेले 8,000. घरच्या माणसांचे 10 रोज. तेही 400 ने धरले तर पूर्ण खर्च 12,000.

भरडीत टिलरचे 1,500, खताचे 600, मजुरीचे चार रोज म्हणजे 1,600. रोख 3,700. आणि घरच्यांचे 13 रोज, म्हणजे 5,200 रुपयांचे. पूर्ण खर्च 8,900.

रोख खर्च एकरी काढला तर मळा 16,000 आणि भरड 12,333. काकांना वर्षानुवर्षं भरड स्वस्त वाटत आली ती यामुळेच. घरचे रोज धरले की चित्र उलटतं, मळा 24,000 आणि भरड 29,667. भरडीत पाणी उभं राहत नाही, म्हणून रान जोरात माजतं. बेणणीला पाच रोज लागले, आणि ते पाचही रोज काकी आणि चुलतभाऊ यांचेच. काकी पावसात वाकून दिवस दिवस बेणत होती, आणि इतकी वर्षं तो आकडा कुठल्याच हिशेबात नव्हता.

घरच्या श्रमाला किंमत धरणं ही माझी टूम नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो तेव्हा शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल यांची बेरीज धरतो, आणि 2018-19 पासून हमीभाव त्या बेरजेच्या किमान दीडपट ठेवण्याचं धोरण आहे. जो हमीभाव आपण मागतो त्याच्या हिशेबात घरचे हात आहेत आणि आपल्या वहीत मात्र नाहीत, हे मला खटकतं.

यात एक मर्यादा आहे आणि ती सांगायला हवी. त्या दिवशी घरच्या माणसाला दुसरं कामच नसेल, तर त्याचा रोज पूर्ण 400 धरणं जास्त होतं. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा, एक रोख आणि एक पूर्ण. हात रिकामेच असतील तर रोख रकाना बघून ठरवा. काकांच्या घरी तसं नव्हतं. चुलतभाऊ लावणीच्या आणि बेणणीच्या दिवसांत गवंड्याच्या हाताखालचं काम सोडून घरी थांबत होता.

मग घरी खायच्या भाताचं. मळ्यात 700 किलो भात झालं, भरडीत 250. दोन्ही वजनं वाळवल्यानंतरची. कापल्याबरोबर मोजलेलं भात ओलं असतं आणि वजन फुगवतं. सरकारी खरेदीतही 17 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. आता पूर्ण खर्चाला भाताने भागा. मळ्यात क्विंटलला 1,714 रुपये पडले, भरडीत 3,560. त्या हंगामाचा साध्या भाताचा हमीभाव होता 2,300.

काका म्हणाले, विकायचं नाही तर हमीभावाशी काय देणंघेणं? ठीक, विकू नका. पण गिरणीत शंभर किलो भाताचे साधारण 65 किलो तांदूळ होतात. त्या हिशेबाने मळ्यातला तांदूळ किलोला 26 रुपयांना पडला आणि भरडीतला 55 ला, गिरणीचे पैसे वेगळे. पेंढा दोन्हीकडचा गुरांनी खाल्ला, तो मी हिशेबाबाहेरच ठेवला. काका बराच वेळ त्या 55 कडे बघत राहिले. «भरडार भात फुकट पिकता असा माका वाटलेला,» एवढंच म्हणाले.

एकूण किती गेले आणि किती आलं एवढंच बघितलं असतं, तर काय दिसलं असतं? रोख 11,700 गेले आणि 2,300 च्या भावाने 21,850 चं भात आलं. झकास. घरचे रोज धरले तरी 950 रुपये शिल्लक दिसते. पण ती शिल्लक म्हणजे मळ्याचा 4,100 चा फायदा आणि भरडीचा 3,150 चा तोटा, एकमेकांत मिसळलेले. बेरीज बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

शेवटचा मुद्दा खर्च कमी ठेवण्याचा. एकरी खर्चाची मलाही थोडी भीती वाटते ती इथेच, कारण तो एकटा बघितला तर फसवतो. 2025 च्या खरिपात काकांनी मळ्याचे दोन भाग केले, दहा-दहा गुंठ्यांचे. एकात नेहमीसारखं सगळं केलं. दुसऱ्यात बेणणी टाळली आणि खत अर्ध्यावर आणलं. पाऊस तोच, बी तेच, लावणी एकाच आठवड्यात. दोन वेगळ्या वर्षांची तुलना केली असती तर फरक पावसाचा की खताचा हे कळलं नसतं, म्हणून एकाच हंगामात केली.

पहिल्या भागाचा खर्च 6,200, म्हणजे एकरी 24,800, आणि भात 340 किलो. दुसऱ्याचा खर्च 5,300, एकरी 21,200, आणि भात 240 किलो. एकरी 3,600 वाचले, दिसायला छान. पण क्विंटलचा खर्च 1,824 वरून 2,208 वर गेला. दहा गुंठ्यांत 900 रुपये वाचवून एक क्विंटल भात घालवलं, आणि त्या वर्षीचा हमीभाव 2,369 होता. एकरी खर्चाच्या शेजारी एकरी उत्पन्न लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुठेही नेतो. दोन्ही असतील, तर खर्च कुठला कापायचा आणि कुठला कापायचा नाही हे कळतं. आता बेणणी मळ्यात होतेच.

भरडीत काकांनी त्या 2025 च्या पावसात भात लावलं नाही. 7 बाय 7 मीटरवर खड्डे मारून वेंगुर्ला-4 काजूची 24 कलमं लावली आणि मधल्या जागेत नाचणी टाकली. मग वही घेऊन माझ्याकडे आले. खड्डे मारायचे पैसे, कलमांचे पैसे, कुंपणाचे पैसे सगळे एका पानावर लिहिलेले, आणि खाली एकरी खर्चाची जागा कोरी. कलमं तीन-चार वर्षांनी धरणार, झाडं त्यापुढे कितीतरी वर्षं राहणार. «ह्यो खर्च खयच्या सालार घालूचो?» त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठल्याच एका सालावर नको. ते पान वेगळं ठेवा, नाचणीचा खर्च नाचणीच्या पानावर लिहा, आणि काजूचं पहिलं पीक हाती येईपर्यंत दर पावसाळ्यात त्या वेगळ्या पानावर भर घालत राहा. काकांनी पानाच्या माथ्यावर «काजू, 12 गुंठे» लिहिलं आणि पुढची चार पानं कोरी सोडली.