पपी घरी आणताय? मग "महिन्याला किती खर्च येतो" हा हिशोब बाजूला ठेवा

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत सी विंगमधल्या वहिनींना मुलांसाठी कुत्र्याचं पिल्लू आणायचंय. परवा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा पहिला प्रश्न हाच, "अगं महिन्याला किती येतो गं खर्च?" मी दोन वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न चार जणांना विचारला होता आणि सगळ्यांनी तीन-चार हजार सांगितलं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं, मोठ्या झालेल्या कुत्र्याचा तेवढा येतोच. पण पहिल्या वर्षाचा खर्च महिन्याच्या हप्त्यांनी येत नाही, सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत एकदम अंगावर येतो, आणि नेमके तेच महिने पिल्लासाठी सगळ्यात धोक्याचे असतात. वहिनींना लिफ्टमध्ये एवढं सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आमची भुरी मे महिन्यात आली, देशी-मिक्स, कळव्याला ओळखीच्यांकडे झालेल्या पिल्लांपैकी एक, वय साधारण दोन महिने. त्यांनी सांगितलं की एक इंजेक्शन झालंय, आता तीन आठवड्यांनी दुसरं द्या. हातात एक छोटं पुस्तक दिलं, त्यात पेनने तारीख लिहिलेली, बाकी काही नाही. मी विश्वास ठेवला आणि तीन आठवड्यांनी जाऊ म्हणून डॉक्टरकडे गेलेच नाही. इथे माझं चुकलं. लस खरंच दिली असेल तर पुस्तकात लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, आणि डॉक्टरची सही-शिक्का असतो. लस फ्रिजमध्ये ठेवावी लागते, कुठेतरी उन्हात पडून राहिलेली बाटली टोचली तर काही उपयोग नाही. त्यामुळे स्टिकर नसेल तर लस झालीच नाही असं धरायचं आणि पिल्लू घरी आल्यावर दोन-तीन दिवसांतच डॉक्टरकडे न्यायचं.

नवव्या दिवशी सकाळी भुरी वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. दहीभात तिचा जीव की प्राण, तोही हुंगला नाही. आधी पिवळट फेसाची उलटी झाली, दुपारपर्यंत चार वेळा. सासूबाई म्हणाल्या ऊन लागलं असेल, साखर-मिठाचं पाणी दे, ते दिलं तेही बाहेर आलं. संध्याकाळी पातळ शी झाली, त्यात रक्त, आणि तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही, सडका आणि गोडसर. रात्री साडेअकराला रिक्षा करून रात्री उघडं असलेलं क्लिनिक शोधत फिरलो. तिथे टेस्ट किटवर दहा मिनिटांत दोन रेघा आल्या. पार्वो.

पार्वोवर थेट व्हायरस मारणारं सरसकट मिळणारं असं औषध नाही हे मला तिथे कळलं. व्हायरस आतड्याच्या आतल्या थराची नासाडी करतो आणि पांढऱ्या पेशी पाडतो. मग सलाइनवर पाणी टिकवायचं, उलटी थांबवायचं इंजेक्शन, दुसरं इन्फेक्शन वाढू नये म्हणून अँटिबायोटिक, आणि शरीर स्वतः उभं राहीपर्यंत पाच-सात दिवस तग धरून ठेवायचं. खर्च होतो तो या दिवसांचा. उशीर झाला की दिवस वाढतात आणि पिल्लू हातचं जायची शक्यताही वाढते.

आमचं बिल असं झालं. रात्रीची तपासणी 1500, टेस्ट किट 900, रक्ताच्या दोन तपासण्या 1200, पाच दिवस सलाइन आणि इंजेक्शनं रोजचे 2200 म्हणजे 11,000, पहिल्या दोन रात्री तिथेच ठेवली त्याचे 6000, आणि घरी आल्यावर औषधं नि पचायला हलकं असं डब्यातलं खाणं 1400. एकूण 22,000. हे माझ्या क्लिनिकचे आकडे, तुमच्याकडे कमी-जास्त होतील. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला खर्च बराच कमी होतो असं सगळे सांगतात, पण सलाइन लावलेलं पिल्लू घेऊन पाच दिवस रोज ठाण्याहून परळला जाणं नोकरी करणाऱ्या घराला जमेल का ते आधी विचारून ठेवा, ऐनवेळी नको.

आणि खरी गोची रकमेपेक्षा वेळेची होती. रात्री बाराला काउंटरवर 5000 डिपॉझिट मागितलं. महिन्याची पंचवीस तारीख, माझ्या खात्यात साडेतीन हजार, ह्यांच्या खात्यात ईएमआय गेलेला. भावाला झोपेतून उठवून पैसे मागवले. त्या दहा मिनिटांत भुरी टेबलावर नुसती पडून होती, हिरड्या पांढऱ्या, मानेची कातडी चिमटीत धरली की हळूहळू परत बसत होती, म्हणजे अंगातलं पाणी संपलेलं. पिल्लू आजारी वाटलं की या दोन खुणा बघा. आणि लहान पिल्लाला दिवसात दोन-तीनदा उलटी झाली, खाणं बंद झालं आणि ते मलूल झालं तर सकाळची वाट बघू नका. घरातली क्रोसिन वगैरे तर अजिबात देऊ नका, माणसाची तापाची-दुखण्याची गोळी कुत्र्याला विष ठरू शकते.

म्हणून माझं ठाम मत आहे, पिल्लू आणायच्या आधी 25,000 रुपये वेगळ्या खात्यात, रात्री लगेच काढता येतील असे ठेवा. एफडीत नको, "लागले तर बघू" तर नकोच. पेट इन्शुरन्स आहे ना, असं कोणी म्हणेल. मी बघितलेल्या पॉलिसींमध्ये कमीत कमी वयाची अट होती, पॉलिसी घेतल्यावर वेटिंग पिरियड होता आणि लसीने टळणारे आजार लस नसेल तर कव्हर नव्हते, म्हणजे ज्या आठवड्यांत मला गरज पडली त्याच आठवड्यांत ती उपयोगाची नव्हती. पुढच्या वर्षांसाठी विचार करा, पहिल्या महिन्यांसाठी रोख हवी.

आता लसीचं. मलाही आधी वाटायचं की एक लस तीन वेळा टोचायला लावतात म्हणजे कमाईचा धंदा. तसं नाहीये. पिल्लाला आईच्या दुधातून तयार प्रतिकारशक्ती मिळते आणि ती अंगात असेपर्यंत लसीला काम करू देत नाही. ती कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कुणाचं आठव्या आठवड्यात, कुणाचं चौदाव्या. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जातात आणि शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या आसपास किंवा नंतर देतात, जेणेकरून एक तरी डोस नीट लागू पडेल. शेवटचा डोस चुकवून हजार रुपये वाचवणं म्हणजे आधीचे दोन्ही वाया घालवायची जोखीम आहे. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आम्हाला तिन्ही डोस, रेबीज आणि त्याचा बूस्टर, जंताची औषधं आणि तपासणीची फी धरून 6500 गेले. डोस पूर्ण होईपर्यंत खाली गार्डनमध्ये जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन रिक्षांचा आवाज, माणसं, लिफ्ट सगळं दाखवायचं, नाहीतर नंतर भित्रं होतं.

अजून एक, ज्या घरात पार्वो झाला तिथे फिनेलने पुसून काही होत नाही, हा व्हायरस फिनेलला दाद देत नाही आणि महिनोन् महिने टिकतो. आधी साबणाने धुऊन मग साधं ब्लीच, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि मग धुवायचं. फिनेल नि ब्लीच एकत्र करायचं नाही. आम्ही गाद्या-चादरी फेकल्या, ताटल्या स्टीलच्या होत्या त्या वाचल्या.

खाण्याचा हिशोबही सरासरीने फसतो. भुरी आली तेव्हा दिवसाला मूठ-दीड मूठ खायची, महिन्याला हजारात भागलं. सहाव्या महिन्यात दहा किलोची झाली आणि रोज 260 ग्रॅम ड्राय फूड लागायला लागलं, म्हणजे महिन्याला आठ किलोच्या आसपास, 350 रुपये किलोने पावणेतीन हजार. पॅकेटच्या मागचं टेबल बघा, पिल्लांच्या खाण्यावर बहुतेक वेळा मोठेपणी किती किलो होणार त्यावरून प्रमाण दिलेलं असतं. स्वस्त पडतं म्हणून मोठी पंधरा किलोची बॅग आणू नका, आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात उघडी बॅग महिनाभरात खवट होते, आमची अर्धी फेकली. घरचं भात-चिकन द्यायला हरकत नाही पण वाढत्या पिल्लाला नुसतं तेवढंच देऊन चालत नाही, मटण-चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, हाडं कच्ची राहतात. आणि आपल्या रश्श्यातलं तर मुळीच नाही, कांदा-लसूण त्यांचं रक्त खराब करतो.

बाकीचं पटकन सांगते. वर्षभराचं खाणं 26,000. पट्टा, भांडी, क्रेट वगैरे 5500. गोचिडांसाठी महिन्याची चघळायची गोळी आठ महिने, 5600, आणि ही कृपा करून टाळू नका, इकडे टिक फीव्हर खूप, प्लेटलेट पडतात, महिनाभर औषध चालतं. नसबंदी रक्ताच्या तपासणीसकट 9000. गणपतीला गावी गेलो तेव्हा सहा दिवस बोर्डिंगचे 4200, आणि तिथेही लसीचं पुस्तक बघितल्याशिवाय घेतलं नाही. लसीचे 6500 धरून नेहमीचा खर्च 56,800, पार्वो धरून 78,800. पण त्यातले जवळजवळ तीस हजार पहिल्या चाळीस दिवसांत गेले, आणि मी तेव्हा महिन्याला साडेतीन हजार बाजूला काढून बसले होते.

वहिनींना काल हे सगळं चहा पिताना सांगितलं. त्या ज्यांच्याकडून पिल्लू घेणार होत्या त्यांना त्यांनी तिथेच फोन लावून लसीच्या पुस्तकाचा फोटो मागवला. स्टिकर नव्हतं. आता पिल्लू दिवाळीनंतर आणायचं ठरलंय, तोवर खात्यात पंचवीस हजार जमा करायचे आणि पिल्लू आलं की त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायचं. वहिनी मला म्हणाल्या, "तूच ये बरोबर." जाणार आहे.