तो केव्हा निघाला?

“काका, त्याने दगडसुद्धा उचलला नाही, नुसता घोळक्यात उभा होता, मग त्याच्यावर खुनाचे कलम कसे?” साताऱ्याहून पुतण्याने मित्राविषयी विचारलेला हा प्रश्न आहे.

पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम १४९ आता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचे कलम १९० झाले आहे. पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदेशीर जमावाचा समान उद्देश तडीस नेण्यासाठी त्यातल्या एकाने गुन्हा केला, किंवा जो घडण्याचा संभव आहे हे जमावातल्यांना ठाऊक होते असा गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो. त्यासाठी आधी कट शिजलेला असावा लागत नाही, कारण शांतपणे जमलेल्यांचा उद्देश जागेवरही बदलतो.

इथे लेस्टरमधले माझे नाशिककर शेजारी म्हणतात, “या देशात हात उगारणाराच दोषी.” ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडने १९८६ च्या कायद्याने बेकायदेशीर जमावाचा जुना गुन्हा रद्द केला. दंगलीसाठी बारा माणसे लागतात आणि आरोपीने स्वतः हिंसा केलेली असावी लागते, पण हिंसेला चिथावणी किंवा मदत देणाराही सुटत नाही.

तरीही मला आपला नियम टाकाऊ वाटत नाही. पंधरा जणांनी वाट अडवल्याशिवाय एकाचा वार पोहोचत नाही, आणि जीव कोणाच्या घावाने गेला हे अनेकदा सिद्धच होत नाही. मला खटकते ते फिर्यादीत अख्खी भावकी गोवणे. मसाल्टी खटल्यात १९६४ साली, मूळचे साताऱ्याचे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी प्रत्येकाची वेगळी कृती सिद्ध व्हायलाच हवी हा युक्तिवाद नाकारला; मात्र मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एखाद्याविषयी सुसंगत हकीकत सांगितली तरच त्याला दोषी धरण्याची कसोटी मान्य केली. हे तिन्ही साक्षीदार एकाच घरचे असले तर काय, याचे समाधानकारक उत्तर मला आजही सापडलेले नाही.

आता त्या मित्राकडे वळतो. बांधावरचे कुंपण जबरदस्तीने उखडायला सगळे गेले, एवढाच उद्देश असेल आणि एकाने अचानक लपवलेला कोयता काढला, तर खून आपोआप सगळ्यांच्या माथी येत नाही; कुंपण उखडताना बळ वापरल्याबद्दल दंग्याचा गुन्हा, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा, मात्र उरतोच. पण निघतानाच कोयते दिसत होते, आणि तरी तो सोबत चालला, तर चित्र पालटते. म्हणून मी पुतण्याला विचारले की, कोयता दिसल्यावर तो थांबला की निघाला?

“तो म्हणतो, लगेच मागे फिरलो,” पुतण्या म्हणाला, “पण एका मोबाइलमधल्या चित्रणात तो शेवटपर्यंत दिसतो.”

ते चित्रण किती वाजताचे आहे, हे आधी वकिलांना तपासायला सांग, असे मी त्याला कळवले आहे.