जेवणाच्या सुट्टीत तुटणारं नेटवर्क

गिरगावातल्या एका सीएच्या ऑफिसात फाइल सर्व्हरचं कनेक्शन मधूनच तुटायचं. आधीच्या माणसाने केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, आणि शेवटी फॉल्स सीलिंग उघडून सगळं वायरिंग नव्याने टाकायचं कोटेशन दिलं. मला बोलावलं तेव्हा तिथल्या अकाउंटंट ताई म्हणाल्या, "अहो, काम चालू असताना कधीच जात नाही. जेवून आलो की गेलेलं असतं." निम्मं निदान त्यांनीच केलं होतं.

खराब केबल कामाच्या वेळी त्रास देते. ट्रॅफिक वाढला की सीआरसी एरर वाढतात, किंवा गिगाबिटची लिंक 100 एमबीपीएसवर येते. इथे तासभर मोठ्या फाइली कॉपी केल्या, एकही एरर नाही. मग सगळं शांत ठेवलं आणि सर्व्हरचा लॉग बघत बसलो. Link is Down, आणि तीन-चार सेकंदांनी पुन्हा Link is Up. गर्दीत टिकणारी आणि निवांतपणात तुटणारी लिंक दिसली की माझा पहिला संशय वीज वाचवणाऱ्या मोडवर जातो.

हा मोड म्हणजे एनर्जी एफिशियंट इथरनेट, ईईई. 2010 मध्ये 802.3az या नावाने तो मानकात आला. त्याआधी गिगाबिट लिंकवर पाठवायला काहीही नसलं तरी केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांवर सतत सिग्नल चालू असायचा. ईईईमध्ये दोन्ही बाजूंना काम नसलं की लिंक झोपते. साधारण 20 ते 24 मिलिसेकंद शांतता, मग एक छोटा रिफ्रेश सिग्नल, पुन्हा शांतता. पॅकेट आलं की 16.5 मायक्रोसेकंदांत जागं व्हायचं.

अडचण त्या रिफ्रेशमध्ये आहे. गिगाबिटमध्ये एकाच जोडीवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी सिग्नल जातो, त्यामुळे रिसीव्हरला आपलाच प्रतिध्वनी सतत वजा करावा लागतो आणि समोरच्या घड्याळाशी ताल जुळवून ठेवावा लागतो. मैफिलीच्या मध्यंतरातही तंबोरा लावत राहावा लागतो, तसं हे काम. एरवी त्यासाठी अखंड सिग्नल मिळतो. झोपेत मात्र क्षणभराच्या रिफ्रेशवर भागवावं लागतं. एका कंपनीची चिप आणि दुसऱ्या कंपनीची चिप यांचं इथे नीट जमलं नाही, तर जागं होताना रिसीव्हरला समोरचा सिग्नल ओळखता येत नाही. तो लिंक सोडून देतो आणि ऑटो-निगोशिएशन, म्हणजे वेग ठरवण्याची दोन्ही टोकांची बोलणी, पहिल्यापासून सुरू होतं. ते तीन-चार सेकंद त्यातच जातात. म्हणूनच तोच सर्व्हर दुसऱ्या स्विचवर उत्तम चालतो, आणि त्याच स्विचवर शेजारचा पीसी उत्तम चालतो. बिघाड त्या दोन चिप्सच्या न जमण्यात असतो.

गिरगावातला सर्व्हर लिनक्सवर होता. त्याच्या नेटवर्क कार्डाचं नाव enp3s0. तिथे ईईई बघायचं आणि बंद करायचं ते असं:

```
ethtool --show-eee enp3s0
ethtool --set-eee enp3s0 eee off
```

पहिल्या कमांडने `EEE status: enabled - active` दाखवलं. दुसरी देताच लिंक क्षणभर गेली आणि परत आली. ते अपेक्षितच आहे, कारण निगोशिएशन नव्याने होतं. त्यानंतर लिंक तुटलेली नाही. वायरिंगला हात लावावा लागला नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाला की ही सेटिंग जाते, म्हणून ती स्टार्टअपमध्ये घालून ठेवावी लागते. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या Advanced टॅबमध्ये Energy Efficient Ethernet असं काहीसं नाव सापडेल, ते Disabled करा. ईईई दोघांच्या संमतीनेच चालू होतं, त्यामुळे एका बाजूने बंद केलं तरी पुरतं. शेजारी Green Ethernet दिसलं तर तो बहुतेक कंपनीचा स्वतःचा वेगळा प्रकार असतो, तोही बंद करून बघा.

आता माझं स्पष्ट मत. लिंकच्या एका टोकाला अर्धा वॅट वाचला, तर वर्षभर चोवीस तास धरूनही चार-साडेचार युनिटच होतात. हजारो पोर्ट असलेल्या डेटा सेंटरला ते मोलाचं आहे. आठ पोर्टच्या स्विचवर चालणाऱ्या ऑफिसात तेवढ्यासाठी सर्व्हरचं कनेक्शन मधूनच तुटणं मला मान्य नाही. त्याहून जास्त राग येतो तो साध्या अनमॅनेज्ड स्विचचा. त्यात ईईई कारखान्यातूनच चालू येतं आणि बंद करायला काहीच नसतं. समोर प्रिंटर किंवा टीव्ही असेल आणि त्यातही सेटिंग नसेल, तर ग्राहकाला स्विचच बदलावा लागतो. कंपन्यांनी या स्विचला एक साधं बटण द्यावं. आणि वायरिंग करणाऱ्या माझ्या भावांनो, सीलिंग उघडण्याआधी पाच मिनिटं ईईई बंद करून बघा. ग्राहकाचे हजारो रुपये वाचतील.