बफर कुठे ठेवायचा?

एक दिवसाच्या सेमिनारचं टाइमटेबल बनवताना बहुतेक जण प्रत्येक सेशननंतर पाच पाच मिनिटं बफर टाकतात, मीही कितीतरी वर्षं तेच करायचो, आणि तरी दरवेळी जेवण अर्धा तास उशिरा. कारण ही सुटी पाच मिनिटं कधी शिल्लकच राहत नाहीत. एखादा वक्ता लवकर संपला तरी पुढचा काही लगेच सुरू होत नाही, लोक उठतात, गप्पा मारतात, पण कोणी दहा मिनिटं जास्त बोललं की ती दहा मिनिटं सरळ पुढच्यावर जातात. म्हणजे उशीर साठत जातो आणि वाचलेला वेळ मात्र वाया जातो.

म्हणून आता मी बफर एकत्र करतो आणि जिथे वेळ हलवता येत नाही त्याच्या आधी ठेवतो, म्हणजे जेवणाआधी आणि समारोपाआधी. सकाळचंच सांगतो. पत्रिकेत सुरुवात ९:३०, आमच्या आतल्या शीटवर ९:४५. उद्घाटन २० मिनिटं, मग पहिलं भाषण प्रश्नांसकट ५०, झाले १०:५५. चहा पत्रिकेत १५ मिनिटं, शीटवर २५, कारण शंभर माणसं पंधरा मिनिटांत हॉलमध्ये परत येत नाहीत. ११:२० ला दुसरं भाषण ५०, मग एक छोटं सेशन ३० मिनिटांचं, की १२:४०. जेवण १ वाजता. ही मधली वीस मिनिटं माझी, ती कोणत्याही वक्त्याला सांगायची नाहीत. (जेवणवाल्यांना मात्र १२:४० लाच तयार राहायला सांगा, सगळं वेळेत झालं तर लोक ताटकळायला नकोत.)

आता समजा सुरुवातच १० ला झाली. पंधरा मिनिटं गेली, पाच उरली. चहानंतर लोक आणखी दहा मिनिटं उशिरा बसले तर पाच मिनिटं कमी पडणार, आणि इथेच शीटवरचा सगळ्यात महत्त्वाचा कॉलम लागतो, 'काय कापायचं'. माझ्या शीटवर दुसऱ्या भाषणासमोर लिहिलेलं असतं, ११:४० च्या पुढे सुरू झालं तर प्रश्नांची १० मिनिटं रद्द, प्रश्न जेवताना विचारा. हे आदल्या दिवशीच वक्त्याशी आणि सूत्रसंचालकाशी बोलून ठेवायचं, आणि हा निर्णय कोण घेणार त्या एकाच माणसाचं नाव शीटवर लिहायचं. स्टेजच्या बाजूला उभं राहून चार जण कुजबुजत ठरवायला लागले की त्यातच पाच मिनिटं जातात!

वक्त्याला ४० मिनिटांचा स्लॉट असेल तर मी ३५ सांगतो. उरलेल्या पाचात परिचय, माईक लावणं, लॅपटॉप जोडणं, हा वेळ टाइमटेबलमध्ये कोणीच धरत नाही आणि दिवसभरात सहा वक्ते असले की त्याचाच अर्धा तास होतो. पहिल्या रांगेत एक माणूस १०, ५, १ असे कार्ड घेऊन बसवा, आणि प्रत्येक सेशन खरंच किती वाजता सुरू झालं ते त्यालाच शीटवर लिहायला सांगा. पुढच्या सेमिनारला मी अंदाज नाही लावत, तोच कागद समोर ठेवून आकडे टाकतो.