“मावशी, सगळे टाकले!”

दुपारी भाचीचा फोन आला. आवाजात इतका आनंद की आधी मलाही बरं वाटलं. शेवटचं वर्ष आहे तिचं, कॉलेज सांभाळून संध्याकाळी लायब्ररीत काम करते. नऊ महिने दर महिन्याला 2,000 बाजूला टाकत तिने 18,000 साठवले आणि आज ते सगळेच्या सगळे एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले. मित्राने सांगितलं म्हणून. “लवकर सुरुवात करायला हवी ना गं!”

फोन ठेवला आणि डोकं तापलं. तिच्यावर नाही. पोरांना उठताबसता “लवकर सुरुवात करा” सांगणाऱ्यांवर. हे पैसे तुला परत कधी लागणार, हा एक प्रश्न त्यांच्यातला एकही जण का विचारत नाही?

मलाही कुणी विचारला नव्हता. शेवटच्या वर्षाला शिकवण्या घेऊन साठवलेले 12,000 मी असेच एका शेअरमध्ये घातले होते. तीन महिन्यांनी परीक्षा आली, शिकवण्या थांबल्या आणि त्यातच लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीला 5,000. तोवर शेअर 20 टक्के उतरलेला, म्हणजे माझ्या 12,000 चे 9,600 झालेले. त्यातले 5,000 काढले, उरले 4,600. पुढे वर्षभरात तो शेअर पुन्हा मी घेतला त्या भावाला आला. सगळे म्हणाले, बघ, थांबलं की भरून निघतं. त्यांचं निघालं. माझ्या 4,600 चे 5,750 झाले. काढलेले धरून 10,750. 1,250 गेले ते गेलेच, कारण भाव वर येताना माझे निम्मे पैसे तिथे नव्हतेच. बाजार पडला म्हणून मी बुडले नाही, पडलेल्या दिवशी विकावं लागलं म्हणून बुडले.

आता भाचीचं बघा. घरून 3,000 मिळतात, कामाचे 4,000, खर्च 5,000. दिसायला छान. पण तिचा पगार महिना उलटल्यावर पुढच्या महिन्यात हातात येतो. परीक्षेच्या महिन्यात ती कामावर जाणार नाही, तरी त्या महिन्यात आधीचा पगार येईल आणि सगळं ठीक वाटेल. खड्डा पडेल त्याच्या पुढच्या महिन्यात. नेमकं तेव्हाच कॉलेज संपलेलं असेल, लायब्ररीतलं काम सुटलेलं आणि घरचे पैसेही बंद. दोन्ही नळ एकदम कोरडे! नोकरी लगेच लागली तरी पहिला पगार यायला महिना जाणारच. म्हणजे दोन महिन्यांचे 10,000 आणि मुलाखतींचा प्रवास, कागदपत्रं, अडीनडीला 3,000. हे 13,000 तिचे असले तरी गुंतवायचे नाहीत. त्यांची तारीख ठरलेली आहे. खरे मोकळे आहेत 5,000.

लवकर सुरुवातीने फायदा होतो, मान्य. पण तो राहू शकणाऱ्या पैशाला होतो, चार महिन्यांत परत येणाऱ्याला नाही.

थोड्या वेळाने, बाजार बंद व्हायच्या आत पुन्हा फोन केला तेव्हा राग उतरला होता. नऊ महिने मन मारून पैसे ठेवलेत त्या पोरीने, तिला काय ओरडायचं? शांतपणे सांगितलं, 13,000 चे शेअर वीक. त्यातले 3,000 बचत खात्यात ठेव आणि 10,000 च्या एकाऐवजी दोन मुदत ठेवी कर, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल आणि दुसरीचं व्याज शाबूत राहील. उरलेले 5,000 एका कंपनीत नकोत, बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणाऱ्या इंडेक्स फंडात घाल. 1976 मध्ये अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीच्या जॉन बोगल यांनी सामान्य माणसासाठी असा फंड आणला तो याचसाठी, की थोडक्या पैशातही शेकडो कंपन्यांचा तुकडा मिळावा आणि खर्च कमी लागावा. आणि हो, गुंतवणुकीच्या खात्याचं वार्षिक शुल्क आधी बघ. 250 असेल तर 5,000 वर ते 5 टक्के झाले, कमाईच्या आधीच गेलेले. लवकर पैसे काढले तर काय कापतात, तेही वाच.

ती गप्प. मग म्हणाली, “पण मावशी, आज वाढलाय गं तो. वाढत असताना विकू?”

हो. आजच. मला पडलेल्या दिवशी विकावा लागला होता, तुला निदान दिवस निवडता येतोय.

विकलेत तिने. पैसे खात्यात यायला एक-दोन दिवस लागतील. थोडी रुसली आहे माझ्यावर, मघापासून मेसेजला उत्तर नाही.