‘रात्री काय खाता?’ हे विचारणं आता बंद करा

आज सकाळी आत्याचा फोन होता. आईने आपली उपाशीपोटीची शुगर सांगितली, १५८. आत्या लगेच म्हणाली, "वहिनी, खरं सांगा, रात्री उठून काय खाता?" आई नुसती हसली. मी शेजारीच होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "काल तुझ्या भावाला उशीर झाला ना, म्हणून." आणि उठून आत गेली. मला दिवसभर काही सुचलेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी आई चोरून खात नाही. ती उशिरा खाते. आणि उशिरा खाते ती आमच्यासाठी थांबते म्हणून.

सात महिन्यांपूर्वीपर्यंत तिची सकाळची शुगर रोज १६५ ते १७५ यायची. गोड बंद, पथ्य कडक, गोळ्या वेळच्या वेळी. तरी तेच. घरातल्या प्रत्येकाने तिच्याकडे संशयाने बघून घेतलं, मीसुद्धा. डॉक्टर रात्रीची गोळी वाढवायच्या बेतात होते. तेवढ्यात तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "जेवता किती वाजता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आई म्हणाली, "मुलं आली की." म्हणजे पावणेअकरा, कधी सव्वाअकरा. आणि मग साडेअकराला आडवी.

आता साधा हिशोब करा. अकराला जेवायला बसलं, उठायला वीस मिनिटं, सकाळी साडेसहाला बोट टोचलं. सात तास दहा मिनिटं झाली. उपाशीपोटी म्हणायला किमान आठ तास पोटात काही गेलेलं नसावं लागतं. म्हणजे आम्ही ज्याला ‘उपाशीपोटीची’ म्हणून वहीत लिहीत होतो, ती उपाशीपोटीची नव्हतीच.

बाईंनी सांगितलं, तीन रात्री नेहमीसारखंच जेवा, पण झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर शुगर बघा. तीनचा गजर मी लावायचे. त्यातल्या एका रात्रीचे आकडे मला पाठ आहेत. जेवण पावणेअकराला, साडेअकराला झोपताना १५६, पहाटे तीनला २०८, सकाळी १७०. झोपतानाचा १५६ बघून मी खूश झाले होते! पण जेवून जेमतेम पाऊण तास झाला होता, शुगर अजून चढायचीच होती. ती चढली आम्ही सगळे झोपलो तेव्हा. पुढचे कित्येक तास ती वरच होती आणि सकाळी आम्ही पाहिलं ते तिचं उरलेलं शेपूट.

मग पुढच्या तीन रात्री तेच जेवण, तेवढंच, फक्त साडेसातला. झोपताना १४४, तीनला १२६, सकाळी १३३. गोळी तीच. ताटात एक घाससुद्धा कमी नाही.

असं का होतं, ते त्या बाईंनी सांगितलं तसंच सांगते. संध्याकाळनंतर आपलं शरीर इन्सुलिनला दिवसाइतका प्रतिसाद देत नाही. त्यात झोपेची वेळ जवळ आली की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, आणि ते स्वादुपिंडालाही इन्सुलिन कमी सोडायला लावतं. म्हणजे दुपारी जे जेवण निभावतं, तेच रात्री अकराला जड जातं. जेवण तेलकट असेल तर पोट सावकाश रिकामं होतं आणि शुगर आणखी उशिरा चढते. वर आपण लगेच आडवे होतो, म्हणजे चालता-फिरता स्नायू जी थोडी साखर वापरतात तेही थांबतं.

मान्य, प्रत्येकाची सकाळची शुगर जेवणाच्या वेळेमुळेच वाढते असं नाही. पहाटे शरीरात जागं करणारी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं, ते लवकर जेवलं तरी होतं. आईची १२६ ची १३३ झाली ना, ते तेच. पण फरक कळतो, फक्त तीनचा आकडा हवा. तीनला जास्त आणि सकाळपर्यंत उतरलेली असेल तर बोट जेवणाकडे जातं. तीनला ठीक आणि सकाळी चढलेली असेल तर पहाटेच्या संप्रेरकांकडे. आणि तीनला सत्तरच्या खाली असेल तर तो अगदीच वेगळा मामला आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. एकट्या सकाळच्या आकड्यावरून यातलं काहीही कळत नाही. तरी माणसं त्याच एका आकड्यावरून चोर ठरवून मोकळी!

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? त्या वाढणार असलेल्या गोळीचा. ती वाढली असती तर काय झालं असतं याची चुणूक आम्हाला आधीच मिळाली होती, आम्हीच ती ओळखली नाही. आईची एक गोळी जेवणाआधी घ्यायची आहे, ग्लिमेपिराईड. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते न बघता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. एकदा आईने घड्याळ बघून आठला गोळी घेतली आणि आमची वाट बघत बसली. मी दहाला आले तर ती घामाने भिजलेली, हात थरथरतायत, बोलणं तुटक. शुगर ६२. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, तेव्हा ८४. मग जेवायला वाढलं. शुद्धीत होती म्हणून पाजता आलं. आणि ती म्हणत काय होती, तर "तुम्ही आधी बसा."

म्हणजे रात्री दहाला लो आणि पहाटे दोनशेच्या वर, एकाच बाईची, एकाच सवयीमुळे. आणि आम्ही दोघांचीही कारणं तिच्या डब्यांमध्ये शोधत होतो.

ज्यांची कामाची वेळच रात्रीची आहे त्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, सगळ्यांना साडेसात जमणार नाही. मग जेवणाचा मोठा भाग संध्याकाळी घ्या आणि रात्री परतल्यावर अगदी थोडं, हलकं. जेवून लगेच न झोपता पंधरा-वीस मिनिटं घरातल्या घरात चाला. आणि डॉक्टरांना जेवणाची खरी वेळ सांगा, कागदावरची नाही, म्हणजे गोळीची वेळ त्याप्रमाणे बसवता येईल. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर मात्र विचारल्याशिवाय जेवणाची वेळ मागेपुढे करू नका, डोस तर नाहीच नाही.

लिहिता लिहिता राग जरा निवला. आत्यावर तरी काय चिडायचं, सात महिन्यांपूर्वी मीही आईचं कपाट उघडून बघितलं होतं. ते तिला माहीत आहे. ती एका शब्दाने बोलली नाही.

आता वहीत आकड्याशेजारी दुसरा रकाना आहे, आदल्या रात्री किती वाजता जेवली त्याचा. आजच्या १५८ शेजारी तिने स्वतःच्या अक्षरात ‘१०.५०’ लिहिलंय. दादाला मी त्याचा फोटो पाठवला. त्याने लगेच तिला फोन केला, माझी वाट बघायची नाही म्हणून. आज ती पावणेआठला जेवली. माझं ताट झाकून ठेवलं होतं, आणि मी जेवत असताना ती शेजारी येऊन बसली.