गाडीत पेट्रोलचा वास: होज फाटला होता, तर व्हॉल्व्ह कशाला बदलला?

ग्राहकाचा अभिप्राय: «आधी म्हणाले पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल आहे. इंजिनाचा दिवा गेला आणि आठवड्यात परत लागला, वर गाडीत पेट्रोलचा वास. मग पर्ज व्हॉल्व्ह आणि होज दोन्ही बदलले. होज फाटला होता, तर व्हॉल्व्हचे पैसे कशाला?»

नमस्कार. तुमची शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा स्कॅनरवर P0457 हा बिघाडाचा कोड होता आणि वास नव्हता. हा कोड झाकणाकडेच बोट दाखवतो, आणि झाकण खरंच पूर्ण आवळलेलं नव्हतं. कोड पुसल्यावर दिवा जातो, पण तेवढ्याने वाफेची गळती थांबली असं ठरत नाही. गाडीचा संगणक गळतीची तपासणी सहसा इंजिन थंड असताना करतो, तीही टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी नसेल तरच. त्यामुळे निकाल कळायला काही दिवस जातात. तुमच्या गाडीत या वेळी P0442, म्हणजे छोटी गळती, आली.

सोबत वास आला म्हटल्यावर आम्ही धुराची चाचणी केली. पेट्रोलच्या वाफेच्या नळ्यांत अगदी कमी दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हला वीज नसेल तेव्हा तो घट्ट बंद असायला हवा. आम्ही त्याची इंजिनाकडची नळी काढली, तर तिथून धूर येत होता. पेट्रोल भरल्यावर गाडी पटकन सुरू होत नाही असं तुम्ही सांगितलं होतं, ते याच कारणाने: उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून वाफ इंजिनात जाते आणि सुरू होताना मिश्रणात पेट्रोल जास्त होतं.

ते तोंड बंद केलं तरी दाब उतरतच होता. टाकी थोडी खाली घेतल्यावर वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरकडे जाणाऱ्या व्हेंट होजच्या वरच्या बाजूला, क्लिपजवळच्या वळणावर, चीर दिसली. खालून पाहताना ती झाकलेली राहते. वास इथूनच येत होता. गाडी उभी असताना टाकीतली वाफ त्या चिरेतून बाहेर पडून मागच्या फटींतून आत शिरायची, उन्हात जास्तच.

नुसता होज बदलला असता तर वास गेला असता, पण पेट्रोल भरल्यावरचा त्रास राहिला असता आणि दिवाही पुन्हा लागला असता. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर वास तसाच राहिला असता. दोन्ही बसवल्यावर तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा दाब टिकला.

काढलेले दोन्ही भाग ठेवले आहेत. या, व्हॉल्व्हमध्ये फुंकून पाहा: वीज नसताना हवा आरपार जाते. संगणकाने स्वतःची तपासणी पूर्ण केली का, तेही त्याच वेळी स्कॅनरवर दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. तोवर वास परत आला आणि गाडीखाली ओलं पेट्रोल दिसलं, तर मात्र गाडी सुरू करू नका, फोन करा. आम्ही येऊन नेतो.